चिन्याच्या आईने वर्गशिक्षिकेला पाठवलेला मेसेज: एका प्रकरणाची पूर्ण नोंद

माझ्या भाचीचा मुलगा सहावीत आहे, मुंबईच्या पूर्व उपनगरातल्या एका मराठी शाळेत, दुपारच्या पाळीला. इथे त्याला चिन्या म्हणते, तुकडी आणि ओळख पटेल अशा बारीक गोष्टी बदलल्यात. मी स्वतः २६ वर्षं मुंबईतल्याच शाळेत वर्गशिक्षिका होते, आता रिटायर आहे, म्हणून भाचीने ६ जुलैला रविवारी रात्री पावणेबाराला मला फोन केला. म्हणाली, "मावशी, मी वर्गाच्या ग्रुपवर मेसेज टाकतेय, एकदा वाचून सांग." तो मेसेज असा होता:

"मॅडम, तुमच्या वर्गात काय चाललंय याची तुम्हाला कल्पना आहे का? माझ्या मुलाला रोज त्रास दिला जातोय. त्याच्या शेजारी बसणारा मुलगा त्याची बाटली चोरतो, डबा खातो. हे सरळसरळ बुलिंग आहे. तुम्ही लक्ष देत नसाल तर मला वर जावं लागेल."

मी तिला म्हटलं, आज नको पाठवूस, उद्या सकाळी बोलू. तिला राग आला माझा, "म्हणजे तू पण त्यांच्याच बाजूने" असं म्हणाली. पण थांबली.

आता तिचा राग खोटा होता असं अजिबात नाही, पोर रडत होतं शाळेत जायचं नाही म्हणून, आणि आई दिवसभर अंधेरीला ऑफिसात, घाटकोपरला मेट्रोतून उतरून घरी यायला साडेसात, तोवर आजी एकटी त्याच्याबरोबर. पण मी तो मेसेज वर्गशिक्षिका म्हणून वाचला. माझ्या वर्गात ५८ मुलं असायची. असा मेसेज मिळाला असता, तोही सगळ्या पालकांच्या डोळ्यांदेखत, तर मी सगळ्यात आधी काय केलं असतं ते मला नीट माहितीये, कारण मी ते केलेलं आहे. पहिल्या तासाला त्या शेजारच्या मुलाला उभं केलं असतं, सगळ्यांसमोर विचारलं असतं, का रे, तू याचा डबा खातोस का? तो म्हणणार नाही बाई. मग चिन्याला उभं करून विचारणार, खातो का रे हा? चिन्या खाली मान घालून म्हणणार नाही बाई. झालं. मी संध्याकाळी पालकांना कळवणार की दोघांनाही विचारलं, तसं काही नाहीये. आणि चिन्याच्या मागे लागलेल्यांना मात्र कळलेलं असणार की हा घरी बोलला.

शिवाय त्या मेसेजमधली तीन वाक्यं तपासली तर तिन्ही टिकत नव्हती. "रोज" म्हणजे किती दिवस? तिला नक्की सांगता येईना. "चोरतो" कोणी बघितलं? कोणीच नाही, फक्त एकदा बाटली त्या मुलाच्या दप्तरात मिळाली होती आणि त्याच्या आईनेच ती परत पाठवली होती. आणि "बुलिंग" हा शब्द. या विषयावर सगळ्यात आधी पद्धतशीर काम करणारे नॉर्वेतले डॅन ओल्वेउस, त्यांनी धरलेल्या तीन खुणा आजही वापरतात: मुद्दाम केलेलं असणं, पुन्हा पुन्हा होत असणं, आणि दोघांच्या ताकदीत फरक असणं, म्हणजे वयाचा, अंगकाठीचा, संख्येचा किंवा वर्गातल्या वजनाचा. दोन बरोबरीच्या मुलांचं भांडण झालं तर ते भांडण, त्याचा इलाज वेगळा. आता घरी बसलेल्या आईला या तीनपैकी फार तर एक कळू शकतं, की पुन्हा पुन्हा होतंय. बाकीचं दोन शाळेतच बघावं लागतं. म्हणून मी तिला म्हटलं की निकाल तू लावू नकोस, तू फक्त तुला घरात बसून जे दिसतंय ते पक्कं कर, ते बाईंना कधीच दिसणार नाही, आणि जे त्यांना दिसू शकतं ते बघायला त्यांना सांग.

मग ७ जुलैपासून एका वहीत नोंदी सुरू केल्या. आजी आणि आई दोघींनी. मी एकच अट घातली होती: तारीख, जे दिसलं ते, आणि तो जे बोलला ते त्याच्याच शब्दात. "का" हे लिहायचं नाही. आजींना हे अवघड गेलं सुरुवातीला, त्या लिहायच्या "पोर घाबरून आलं", मग मी विचारायचे, घाबरलाय हे कशावरून कळलं? मग त्या सांगायच्या, अहो दप्तर न काढता सरळ संडासात पळाला. बस, तेच लिहायचं.

आणि तीच नोंद सगळ्यात महत्त्वाची निघाली. आठ शाळेचे दिवस झाले १६ जुलैपर्यंत, त्यातले सहा दिवस तो सव्वासहाला घरी आल्या आल्या बूट न काढता बाथरूमला पळाला. पाण्याची बाटली सहाही दिवस जवळजवळ भरलेली. डबा पाच दिवस रिकामा, पण घरी येऊन चार पोळ्या खाल्ल्या, म्हणजे डबा त्याने खाल्लेला नाही हे उघड आहे. सोमवार ७ आणि सोमवार १४ ला सकाळी पोटात दुखतं, शनिवार रविवार पोट ठणठणीत. दोनदा आजीकडे दहा रुपये मागितले, कशाला ते सांगितलं नाही. कंपासपेटी १० तारखेला आली नाही, ११ ला आली पण कर्कटक गायब.

डॉक्टरकडेही नेलं मध्ये, हे मी मुद्दाम सांगते, कारण लघवी धरून ठेवणं आणि पोटदुखी याला दुखण्याचंही कारण असू शकतं आणि ते आधी बाजूला काढायला हवं. तपासणी साफ निघाली, डॉक्टर म्हणाले पाणी कमी पितो आणि धरून ठेवतो, दोन्ही बंद करा.

त्याच्याशी बोलणं हा यातला नाजूक भाग. भाचीने आधी चारपाच वेळा विचारलं होतं, "तुला कोण त्रास देतं, नाव सांग", आणि तो दर वेळी कोणी नाही म्हणायचा, एकदा कंटाळून शेजारच्या मुलाचं नाव घेतलं. यात एक गोष्ट लक्षात घ्या, मूल असं दडपणाखाली जे नाव सांगतं ते बऱ्याचदा सगळ्यात सुरक्षित नाव असतं, ज्याची भीती वाटत नाही त्याचं. तर १२ तारखेला शनिवारी मी त्यांच्याकडे गेले, पाऊस पडत होता, बाहेर जायचं नव्हतं, आणि त्याला म्हटलं मला तुझ्या शाळेचा नकाशा काढून दाखव, माझी शाळा वेगळी होती ना. त्याने मजला काढला, वर्ग, जिना, बाईंची स्टाफरूम, पाण्याचा नळ, आणि पॅसेजच्या टोकाला मुलांचं टॉयलेट. मी विचारलं मधल्या सुट्टीत तू कुठे असतोस. त्याने स्टाफरूमच्या दाराजवळ बोट ठेवलं. आणि इकडे? म्हटलं, नळाकडे. "इकडे नाही जात. पाणी नाही प्यायलं की लागत नाही, मावशीआजी."

मला तिथे पुढे विचारवलं नाही आणि विचारायचंही नव्हतं. हेच वाक्य पुरेसं होतं. त्याला फक्त सांगितलं की आई बाईंना भेटणार आहे, तुला कशाची काळजी वाटते ते सांग. तो म्हणाला, "मी सांगितलं असं बाईंनी सांगायचं नाही. आणि मला उभं नाही करायचं." दोन्ही गोष्टी मेसेजमध्ये जायला हव्यात हे तेव्हाच ठरलं.

मेसेज कुठून पाठवायचा यावर आमची बरीच चर्चा झाली. ग्रुप तर बादच, तिथे टाकलं की दुसऱ्या मुलाचे आईवडील रात्रीतून बचावाला उतरतात आणि मग मुद्दा मुलांचा राहत नाही. भाची म्हणाली कॅलेंडरमध्ये लिहिते. मी नको म्हटलं, शाळेचं कॅलेंडर मुलाच्या दप्तरात असतं, बाकावर उघडं पडतं, शेजारचे वाचतात, आणि ज्या मुलाचं दप्तर इतर मुलं उघडताहेत त्याच्याच दप्तरातून हे पाठवायचं म्हणजे कमाल झाली. बाईंनी गैरहजेरी कळवायला स्वतःचा नंबर दिलेला होता, त्यावर खाजगी मेसेज करायचं ठरलं. ज्यांच्या शाळेत बाईंचा नंबर देत नाहीत त्यांनी बंद पाकीट शाळेच्या ऑफिसात द्यावं आणि आपल्याकडच्या प्रतीवर पोच घ्यावी. वेळ पण बघितली. दुपारची पाळी, म्हणजे बाई साधारण बाराला शाळेत पोचणार, सकाळी नऊ ते दहा वाचायला शांत वेळ. गुरुवार १७ जुलै, सकाळी सव्वानऊला हा मेसेज गेला:

"नमस्कार मॅडम. मी सहावी ब मधल्या चिन्मयची आई. त्याच्याबद्दल थोडं बोलायचं आहे, म्हणून तुमची २० मिनिटं हवी आहेत.

७ ते १६ जुलै या शाळेच्या आठ दिवसांत आम्हाला घरी हे दिसलं:
सहा दिवस तो घरी आल्याबरोबर बाथरूमला पळाला, पाण्याची बाटली भरलेलीच होती. डॉक्टरांना दाखवलं, आजार काही नाही, तो शाळेत पाणी पीत नाही आणि लघवी धरून ठेवतो असं ते म्हणाले.
पाच दिवस डबा रिकामा आला पण तो खूप भुकेला होता.
१० जुलैला कंपासपेटी आली नाही, ११ ला परत आली, त्यात कर्कटक नव्हतं.
दोन सोमवारी सकाळी पोटात दुखतं म्हणाला, सुट्टीच्या दिवशी दुखत नाही.

त्याने स्वतः एवढंच सांगितलं आहे की मधल्या सुट्टीत तो नळाकडे आणि टॉयलेटकडे जात नाही, स्टाफरूमजवळ थांबतो. तिथे कोणीतरी उभे असतात आणि जाऊ देत नाहीत असं म्हणाला, कोण ते त्याने सांगितलेलं नाही.

यावरून मला शंका येते की सुट्टीत त्याला कोणीतरी त्रास देत असावं. ही शंका आहे, मला खात्री नाही, आणि मी कोणत्याही मुलाचं नाव घेत नाहीये. शाळेत तुम्हाला काय दिसतं ते जाणून घ्यायचं आहे.

एक विनंती आहे. आपण भेटेपर्यंत त्याला किंवा इतर कोणाला वर्गात यावरून विचारू नये, त्याला त्याची फार भीती वाटते. जमलं तर एकदोन सुट्ट्यांत त्या पॅसेजकडे तुमचं लक्ष असावं. आणि त्याला तासाच्या वेळेत टॉयलेटला जायची परवानगी द्यावी.

शनिवार १९ किंवा सोमवार २१ जुलै, शाळा भरायच्या आधी, मी येऊ शकते. तुम्हाला दुसरी वेळ सोयीची असेल तर कळवा, मी रजा टाकेन. धन्यवाद."

पहिल्या मसुद्यापेक्षा हा कितीतरी मोठा आहे, हे मला मान्य आहे, आणि साधारणपणे मी म्हणते की बाईंना मोबाईलच्या दोन स्क्रीनपेक्षा मोठा मेसेज पाठवू नये. पण इथे लांबी नोंदींमुळे आली, भावनांमुळे नाही. "माझा मुलगा फार हळवा आहे", "तो रात्री रडतो", "आई म्हणून माझं काळीज तुटतं" ही तीन वाक्यं भाचीने लिहिली होती आणि आम्ही काढली. ती खरी नव्हती असं नाही. पण हळवा हा शब्द आला की वाचणाऱ्या बाईच्या मनात लगेच एक कप्पा तयार होतो, हळवं मूल, काळजी करणारी आई, आणि पुढचं सगळं त्या कप्प्यात जातं. भरलेल्या बाटलीचं तसं होत नाही. सहा दिवस भरलेली बाटली वाचून कुठलीही शिक्षिका थांबते, कारण तिला हे माहिती असतं की अकरा वर्षांचं पोर पाचसाडेपाच तास पाण्याशिवाय उगाच राहत नाही.

आणखी एक बघा, मेसेजमध्ये तीन थर वेगळे ठेवलेत: जे दिसलं, जे तो बोलला, आणि जे आईला वाटतं. हे वेगळं ठेवलं की त्यातलं एक चुकीचं निघालं तरी बाकीचं पडत नाही. उद्या कळलं की कंपासपेटी खरंच वर्गात विसरली होती, तरी बाटलीची नोंद जागच्या जागी राहते. पहिल्या मसुद्यात एक वाक्य खोटं ठरलं असतं तर सगळंच गेलं असतं.

बाटली दप्तरात मिळाल्याचा प्रसंग मात्र आम्ही मुद्दाम लिहिला नाही. भाचीला तो घालायचा होता, म्हणाली हाच तर एकमेव पुरावा आहे. पण लिहिलं असतं तर नाव न घेताही नाव घेतल्यासारखंच झालं असतं, बाईंना कळलं असतं कोण ते, आणि त्यांची नजर त्याच मुलावर खिळली असती. ते भेटीत तोंडी सांगायचं ठरवलं.

दहा रुपयांचं सुद्धा लिहिलं नाही, आणि इथे मला आता वाटतं की लिहायला हवं होतं. आम्हाला वाटलं वडापाव खायचा असेल. पैसे मागणं ही वेगळ्या वजनाची गोष्ट आहे हे मला कळायला हवं होतं.

इथेच हेही सांगते की असा शांत मेसेज आणि चारपाच दिवस वाट बघणं हे प्रत्येक वेळी चालत नाही. अंगावर मारल्याच्या खुणा असतील, मूल जिवाचं काही बोलत असेल, किंवा कोणी अंगाला नको तसा हात लावल्याची शंका असेल तर वही वगैरे काढत बसू नका. त्याच दिवशी मुख्याध्यापकांकडे जा, डॉक्टरांना दाखवा. लैंगिक त्रास झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती असली तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेलाही आणि आपल्यालाही, वर्गशिक्षिकेशी भेट ठरवणं हा त्याला पर्याय नाही. रात्री अपरात्री कोणाला विचारायचं कळत नसेल तर १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाईन आहे, फोन फुकट लागतो. चिन्याच्या नकाशात टॉयलेट आलं तेव्हा मी आधी याच शंकेने हादरले होते, म्हणून त्या दिवशी त्याच्या आईने रात्री त्याला वेगळं, साध्या शब्दात विचारलं, की तिथे कोणी तुझ्या अंगाला हात लावतं का, कपडे ओढतं का. तो लगेच आणि सरळ नाही म्हणाला, "तिथे उभे असतात फक्त, जाऊ देत नाहीत". त्यानंतरच आम्ही मेसेजच्या वाटेने गेलो.

बाईंचं उत्तर अकराच्या सुमारास आलं. "नमस्कार. मेसेज वाचला. मला हे माहीत नव्हतं. आज आणि उद्या सुट्टीत बघते. सोमवारी पावणेबाराला या. वर्गात कोणाला विचारणार नाही." तीस-बत्तीस वर्षांची बाई असेल, माझ्या ओळखीची नाही, पण हे उत्तर वाचून मला तिच्याबद्दल फार बरं वाटलं. उत्तर आलंच नसतं तर काय करायचं तेही ठरवलेलं होतं: दोन शाळेचे दिवस थांबायचं, मग तोच मेसेज "पुन्हा पाठवतेय" एवढंच वर लिहून परत पाठवायचा, त्यानंतर पर्यवेक्षिका, मग मुख्याध्यापक, लेखी. आपल्याकडे २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती असायला हवी, तक्रार पेटी असते, पण वर्गशिक्षिकेला एक संधी न देता तिथे गेलं की ती बाई पहिल्या दिवसापासून समोरच्या बाजूला उभी राहते, आणि रोजचे साडेपाच तास मूल तिच्याच हाताखाली असतं.

सोमवारी भेट झाली. भाची आणि मी दोघी गेलो, चिन्याचे बाबा नाईट शिफ्ट करून आले होते त्यांना झोपू दिलं. खरं सांगायचं तर चार माणसं घेऊन गेलं की बाईंना घेरल्यासारखं होतं, दोघं बास. वही बरोबर नेली पण टेबलावर ठेवली नाही, मागितली तेव्हा दाखवली.

बाईंनी दोन दिवस बघितलं होतं. जुलैमध्ये मैदानात पाणी, त्यामुळे मधल्या सुट्टीत सगळी शाळा पॅसेजमध्ये, सुट्टीची ड्युटी असलेले सर जिन्याजवळ उभे राहतात कारण तिथे पडापडी होते, आणि टॉयलेटचं टोक त्यांना दिसतच नाही. तिथे सातवीतली दोन मुलं दारात आडवा हात करून उभी राहतात. त्याला ती मुलं "टोलनाका" म्हणतात. आत जायचं तर टोल द्यायचा, डब्यातलं काहीतरी, नाहीतर पैसे. बऱ्याच मुलांनी हा खेळ समजून एकदोनदा चिवडाबिवडा देऊन सोडून दिलं होतं, किंवा ढकलून आत गेली होती. चिन्या अंगाने बारीक, एकटा जाणारा, त्याला ढकलता आलं नाही, आणि एकदा दिलं म्हणून मग रोज मागायला लागले. ओल्वेउसच्या तिन्ही खुणा तिथे सापडल्या: मुद्दाम, वारंवार, आणि दोघं मोठे विरुद्ध एक लहान.

आणि शेजारचा मुलगा? भाचीने बाटलीचा प्रसंग सांगितला तेव्हा बाई म्हणाल्या, तो पण टोल देतोय. शुक्रवारी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं, तो दोन डबे घेऊन टॉयलेटच्या दारात गेला, एक स्वतःचा आणि एक चिन्याचा. त्याला त्या दोघांनी आणायला लावलं होतं. बाटलीचं काय झालं ते पूर्ण कळलं नाही, बहुतेक तीही तशीच नेऊन परत देताना राहून गेली. भाची गप्प झाली. बाहेर आल्यावर म्हणाली, "मावशी, मी ग्रुपवर त्याच्याबद्दल चोर लिहिणार होते." त्या मुलाच्या आईला ती रोज व्हॅनजवळ भेटते.

भेटीत काय ठरलं ते सांगते. सातवीच्या मुलांशी त्यांच्या वर्गशिक्षकांनी आणि पर्यवेक्षिकांनी बोलायचं, "आम्ही बघितलं" असं सांगून, म्हणजे कोणा मुलाने सांगितल्याचा प्रश्नच येत नाही. बाईंनी दोन दिवस स्वतः बघितलं होतं म्हणून हे म्हणता आलं. त्या दोघांच्या पालकांना बोलवायचं, ते शाळेचं काम, आमचं त्यात काही नाही, आम्ही नावंही विचारली नाहीत. ड्युटीचे सर जिन्याजवळ राहतील आणि एक शिपाई मावशी टॉयलेटच्या बाजूला, सुट्टीची २० मिनिटं. चिन्याला आणि खरं तर कुणालाही तासाला जायची परवानगी.

एका गोष्टीला मी हरकत घेतली. बाई म्हणाल्या, चौघांना समोरासमोर बसवून माफी मागायला लावते, हात मिळवतील. फार चांगल्या मनाने म्हणत होत्या, आम्हीही आमच्या काळात हेच करायचो. पण दोन बरोबरीच्या मुलांच्या भांडणात हे ठीक आहे, इथे लहान मुलाला मोठ्यांसमोर बसून "माफ केलं" म्हणावं लागतं, आणि बाहेर गेल्यावर त्या माफीची वसुली होते. शाळेतल्या बुलिंगवर काम करणारे लोकही समेट घडवायची ही पद्धत अशा प्रकरणात टाळायला सांगतात. बाईंनी ऐकून घेतलं आणि ते सोडून दिलं.

त्याच संध्याकाळी भाचीने एक छोटा मेसेज पाठवला, भेटीचे आभार आणि ठरलेल्या चार गोष्टी एकेका ओळीत, शेवटी "माझं समजण्यात काही चुकलं असेल तर सांगा, ४ ऑगस्टला सोमवारी पुन्हा पाच मिनिटं बोलूया का?" हा मेसेज लोक पाठवत नाहीत. भेट झाली की हुश्श करतात. पण तोंडी ठरलेलं आठवड्यात विरघळतं, शिपाई मावशी रजेवर जातात, दुसऱ्या येतात, त्यांना कोणी सांगत नाही. लिहिलेलं असलं की बाईंनाही वर मागता येतं, की बघा पालकांना आपण हे कळवलंय.

आणि झालंही तसंच. २४ ते २६ जुलै शिपाई मावशी नव्हत्या, २५ ला बाटली पुन्हा भरलेली आली. भाचीने एक ओळ टाकली, "मॅडम, आज बाटली भरलेली आहे." बाईंनी दुसऱ्या दिवशी स्वतः सुट्टीत तिथे डबा खाल्ला. मला वाटतं दोघींचं जमायला खरी सुरुवात तिथून झाली.

४ ऑगस्टला हिशोब असा होता: त्याआधीच्या शाळेच्या सहा दिवसांत एकदाच तो आल्या आल्या बाथरूमला पळाला. डबा तो आणि शेजारचा मुलगा एकत्र खातात, स्टाफरूमजवळ नाही, वर्गात. पोटदुखी ४ तारखेच्या सोमवारी नव्हती, २८ ला होती. सातवीतल्या एकाने जिन्यात त्याला "टोलवाला" म्हणून हाक मारली, ते चिन्याने स्वतःहून घरी सांगितलं, आणि ते अजून थांबलेलं नाही, वर्गातली दोनतीन मुलंही आता तसं म्हणतात. बाईंना ते सांगितलं. त्या म्हणाल्या नावाचं मी वर्गात सगळ्यांसाठी म्हणून घेते, कुणाचंही टोपणनाव त्याला विचारल्याशिवाय नाही, चिन्मयचं नाव न घेता. पुढची भेट गणपतीच्या सुट्टीनंतर ठरली आहे. वही चालू आहे, आता आठवड्यातून एकदाच लिहितात, आजींचं अक्षर.